मदत हवी आहे: ८ पॉइंट एफएफटीत X[0], X[2], X[6] बरोबर, बाकी सगळे चुकीचे

माटुंगा_रोड
डीआयटी पद्धतीने ८ पॉइंटची रॅडिक्स-२ एफएफटी सी मध्ये लिहिली आहे. इनपुट 1 ते 8. सोमवारी सबमिशन आहे आणि आउटपुट असं येतंय:

```
X[0]  36
X[1]  -1 + 2.4142j    (हवं: -4 + 9.6569j)
X[2]  -4 + 4j
X[3]  -1 + 0.4142j    (हवं: -4 + 1.6569j)
X[4]  -16             (हवं: -4)
```

X[5] ते X[7] ही X[3] ते X[1] ची कॉन्जुगेट, म्हणजे X[6] पण बरोबर. तीन उत्तरं जुळतात, त्यामुळे बटरफ्लाय ठीक असावीत असं वाटतंय. इनपुटचा क्रम लावणारा लूप हा:

```c
for (i = 0; i < 8; i++) {
    j = 0; t = i;
    for (b = 0; b < 3; b++) {
        j = (j << 1) | (t & 1);
        t >>= 1;
    }
    tmp = x[i]; x[i] = x[j]; x[j] = tmp;
}
```

j प्रिंट केला तर 0 4 2 6 1 5 3 7 असाच येतो. मग अडतंय कुठे?

ठाणे_स्लो
ट्विडल बघ. W च्या घातांकातलं उणे चिन्ह राहिलं असणार, नव्वद टक्के लोकांचं तिथेच चुकतं. बिट रिव्हर्सल बरोबर दिसतंय.

सिग्नलवाला
चिन्ह राहिलं असतं तर इनपुट रिअल असल्यामुळे फक्त काल्पनिक भागाचं चिन्ह उलटलं असतं. X[1] ला -4 - 9.6569j आलं असतं आणि X[2] सुद्धा बिघडला असता. इथे -4 च्या जागी -1 आलंय, तेव्हा ट्विडलला दोष देऊ नका.

j बरोबर आहे, अदलाबदल दोनदा होतेय. i = 1 ला १ आणि ४ ची जागा बदलते, i = 4 ला तीच जोडी पुन्हा बदलून मूळ जागी येते. ३ आणि ६ चंही तेच. ०, २, ५, ७ हे उलटे वाचले तरी तेच राहतात, म्हणजे ८ पॉइंटला मुळात दोनच अदलाबदली लागतात आणि तुमच्या लूपने दोन्ही परत फिरवल्या. अॅरे जसाच्या तसा बटरफ्लायमध्ये गेला. स्वॅपच्या आधी एवढं घाला:

```c
if (i < j)
```

खात्री करायची तर पहिली स्टेज संपल्यावर अॅरे प्रिंट करा. क्रम बरोबर लागला असेल तर जोड्या (1,5) (3,7) (2,6) (4,8) अशा पडतात आणि प्रत्येक बटरफ्लायच्या खालच्या टोकाला -4 दिसतो. तुमच्याकडे (1,2) (3,4) अशा पडताहेत, म्हणून सगळीकडे -1. तोच -1 पुढे X[1] आणि X[3] मध्ये उतरलाय.

आणि जुळलेल्या उत्तरांवर विसंबू नका. X[0] ही नुसती बेरीज, क्रम कसाही असो ती जुळणारच. X[2] चा रिअल भाग x0-x2+x4-x6 असतो, तुमच्याकडे x0-x2+x1-x3 झाला. 1 ते 8 या इनपुटला दोन्ही -4 येतात, निव्वळ योगायोग. त्यापेक्षा फक्त x[1] = 1 आणि बाकी शून्य देऊन बघा. X[1] ला 0.7071 - 0.7071j यायला हवं. 1, -1, 1, -1 असं आलं तर तुमचा नमुना इंडेक्स ४ चा समजला गेलाय.

चेंबूरचा_पक्या
एवढा खटाटोप कशाला? मी बिट रिव्हर्सल करतच नाही. आधी डीआयएफ, मग फिल्टरच्या स्पेक्ट्रमशी गुणाकार, मग डीआयटीने उलटी एफएफटी. एकदम चालतं.

सिग्नलवाला
पक्याभाऊ, तुमचं चालतं कारण दोन्ही स्पेक्ट्रम सारख्याच विस्कटलेल्या क्रमात असतात आणि डीआयटीला इनपुट त्याच क्रमात हवं असतं. यांना मात्र X[1] स्वतः वाचायचा आहे. डीआयएफ केलं तर तो इंडेक्स ४ वर सापडेल. कुठे ना कुठे क्रम लावावाच लागेल.

ठाणे_स्लो
बरं, क्रमाचं मान्य. पण तिसऱ्या स्टेजला W0, W1, W2, W3 चारही वापरलेत ना, तेवढं बघून घे. दुसरीत फक्त W0 आणि W2.

माटुंगा_रोड
i < j टाकलं आणि आठही उत्तरं जुळली! ट्विडल तसेच होते. आता बाहेरच्या लूपमधला 8 बदलून 16 केला आणि 1 ते 16 दिले, तर X[0] च चुकतोय: 136 ऐवजी 36. b चा लूप 3 वर राहिलाय, त्यामुळे असेल का?

सिग्नलवाला
b चा लूप 4 करावाच लागेल, पण 36 त्यामुळे येत नाहीये. क्रम चुकला तरी X[0] हलत नाही, हे वर झालंच. 36 म्हणजे पहिल्या आठांची बेरीज. बटरफ्लायच्या स्टेजही 3 च ठेवल्यात का? X[8] मध्ये 100 दिसतोय का, ते सांगा.