दावा 1 मध्ये नेमकं किती लिहायचं? (गुऱ्हाळाच्या मळीयंत्राचा पेटंट अर्ज)

शिरोली_वर्कशॉप: काहिलीतली मळी आपोआप काढणारं यंत्र बनवलंय. प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज देऊन 8 महिने झाले, म्हणजे कम्प्लीट, पूर्ण अर्जाला 4 महिने उरले. एजंटनी दावा 1 असा पाठवलाय: एमएस अँगलची चौकट, तिच्यावर चार चाकांचा गाडा, 0.5 एचपी मोटर, साखळी, गाड्याला लटकवलेली एसएस 304 ची 1.5 मिमी भोकांची जाळी, आणि रस आटेल तशी जाळी खाली नेणारा पितळी तरंगा. मित्र म्हणतो, एवढं लिहिलंस तर एखादी वस्तू बदलून कुणीही सुटेल. एजंट म्हणतात, एवढं लिहिलं तर पेटंट लवकर मिळेल. कुणाचं ऐकू?

थर्ड_इयर_मेकॅनिकल: मित्राचं ऐका दादा. दाव्यात शब्द जितके कमी तितकी व्याप्ती मोठी. सरळ लिहा, "उकळत्या रसावरची मळी काढणारे यंत्र". मग मोटर कुणाचीही असो, जाळी कशाचीही असो, सगळे त्यात आले.

उजळाईवाडीकर: मला एक कळंना, कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळालंय की. मग वेगळं पेटंट कशाला?

राजारामपुरी_पेटंट: उजळाईवाडीकर, मानांकन गुळाच्या नावाला आणि मुलुखाला आहे. इथं प्रश्न यंत्राचा आहे, त्याला त्या मानांकनाचा काही उपयोग नाही.

थर्ड इयर, तुमचं निम्मं बरोबर आहे. दाव्यात लिहिलेला प्रत्येक भाग समोरच्याच्या यंत्रात असेल तरच तो सापडतो, म्हणून जादा शब्द म्हणजे त्याला पळायला जादा वाट. पण तुमच्या त्या एका ओळीत आजवरची सगळी यंत्रं येतात. साखर कारखान्यात रसावरची मळी यंत्रानंच काढतात आणि टाकीतल्या पाण्यावरचं तेल काढणारे तरंगते स्किमर कित्येक वर्षं बाजारात आहेत. परीक्षकाला एवढा एक जुना दाखला सापडला की दावा गेला.

शिरोलीदादा, मी 14 वर्षं दावे लिहिते आहे. आधी एक काम करा. एजंटच्या मसुद्यातला एकेक शब्द बोटानं झाका आणि विचारा, हा नसेल तर रस आटताना मळी निघायची थांबेल का? मोटर झाका. हातानं गाडा ओढला तरी मळी निघते, म्हणजे मोटर दावा 1 मध्ये नको. साखळीच्या जागी दोरी चालेल. चार चाकांच्या जागी घसरपट्टी चालेल. एसएस 304 च्या जागी पितळेची जाळी चालेल. उरतात दोन गोष्टी: काहिलीवरून आडवी सरकणारी जाळी, आणि ती रसाच्या पातळीबरोबर खाली जाणं.

आता मला सांगा, रस उकळीला आला की फेस केवढा वर येतो! त्यात तुमचा तरंगा नाचत नाही का?

शिरोली_वर्कशॉप: नाचायचा की ताई! पहिल्या दोन काहिली त्यातच वाया गेल्या. फेस आला की तरंगा वर, जाळी पण वर, आणि मळी खालनं निसटायची. मग काहिलीची कड चुलवाणाच्या बाहेर जिथं येते, जिथं खाली जाळ लागत नाही, तिथं एक उभा पाईप बसवला. खालचं तोंड रसात बुडालेलं, वर हवेसाठी भोक. तरंगा त्या पाईपमध्ये. आत फेस शिरत नाही, रस मात्र बाहेर उतरेल तसा आत उतरतो. गुळव्याला आता झारी घ्यावी लागत नाही. एजंटना मी पाईप दाखवला होता, ते म्हणाले ही किरकोळ फिटिंग आहे.

राजारामपुरी_पेटंट: दादा, तुमचा शोध त्या पाईपात आहे. मसुद्यात मोटरची एचपी आहे आणि पाईप नाही, म्हणजे दावा एकाच वेळी अरुंद पण झाला आणि पोकळ पण. ज्याला नक्कल करायची तो एसएस 304 च्या जागी 316 ची जाळी घालून बाहेर पडेल. आणि परीक्षक म्हणेल, तरंग्यावर चालणारा स्किमर जुनाच आहे, चाकं आणि साखळी तर कुणीही जोडेल.

एक गोष्ट तातडीनं सांगा. पाईप प्रोव्हिजनलमध्ये आहे का? नसेल तर पाईपच्या दाव्याला 8 महिन्यांपूर्वीची तारीख मिळणार नाही, आणि अर्जाआधी तुम्ही तो आत्ता इथं चारचौघांत सांगून बसलात असं होईल.

शिरोली_वर्कशॉप: घाबरवलंत की! बघून आलो. चित्र 3 मध्ये पाईप काढलाय, आणि खाली एक ओळ आहे: "तरंग्यास फेस लागू नये म्हणून नळी बसविली आहे."

राजारामपुरी_पेटंट: ही ओळ फार मोलाची आहे. मग दावा 1 मी असा बांधेन (अर्ज इंग्रजीत जाईल, इथं मराठीत लिहिते):

"उकळत्या द्रवाच्या पृष्ठभागावरची मळी काढण्याचे साधन, ज्यात समावेश आहे: द्रवाच्या पात्रावरून आडवे सरकणाऱ्या गाळणीचा, पात्रातील द्रवाशी खालून जोडलेल्या आणि फेसापासून आडोसा केलेल्या कप्प्याचा, त्या कप्प्यातील द्रवाच्या पातळीबरोबर हलणाऱ्या तरंग्याचा, आणि पातळी उतरेल तशी गाळणी खाली नेणाऱ्या, तरंगा व गाळणी यांमधील जोडणीचा."

"पाईप"च्या जागी "कप्पा" लिहिलाय, कारण चौकोनी पेटी लावली तरी काम तेच होतं. "काहील" न लिहिता "पात्र" लिहिलंय. ऊस हा शब्दच नाही. पाईप, जाळ नसलेली कड, 1.5 मिमी भोकं, मोटर, उसाचा रस, हे सगळं दावा 2 पासून पुढं एकेक करून येईल. दावा 1 पडला तर मागे हटायला त्या पायऱ्या हव्यात. मात्र 10 दाव्यांच्या पुढं प्रत्येक दाव्याला जादा फी आहे, म्हणून पायऱ्या निवडून घ्या.

"समावेश आहे" हे पण मुद्दाम. इंग्रजीत तिथं "कम्प्रायझिंग" येतं, म्हणजे समोरच्यानं आणखी चार भाग जोडले तरी तो दाव्यात येतो. "कन्सिस्टिंग ऑफ" लिहिलं की एवढेच भाग आणि दुसरा एकही नाही असा अर्थ निघतो. मग एक पंखा जोडला तरी तो सुटला.

निवृत्त_डिझाइनवाला: ताई, मी कंपनीत पेटंटच्या कामात 20 वर्षं होतो, थोडं वेगळं मत मांडतो. छोट्या कारखानदाराला रुंद दावा परवडत नाही. परीक्षकाचे आक्षेप, सुनावणी, वर कुणी मंजुरीआधी विरोध दाखल केला तर तो वेगळाच. एजंटचा अरुंद दावा निमूट मंजूर होईल. आणि कोर्ट काही शब्दाला चिकटून बसत नाही. ब्रिटनचं कॅटनिक प्रकरण आहे. दाव्यात लिंटेलची मागची पट्टी "उभी" असं लिहिलं होतं, समोरच्यानं ती 6 ते 8 अंश कलती केली, तरी तो हरला. जाणकार माणूस "उभी" म्हणजे काय समजेल ते कोर्टानं पाहिलं.

राजारामपुरी_पेटंट: काका, तो निकाल बरोबर सांगितलात. पण कॅटनिकला त्या एका शब्दापायी हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जावं लागलं, मधल्या कोर्टात ते हरले होते. शिरोलीच्या माणसानं तेवढं भांडायचं का? शिवाय "उभी" जरा कलती होऊ शकते, पण "0.5 एचपी मोटर" म्हटल्यावर हातानं ओढलेला गाडा त्यात कसा बसवणार?

आणि पेटंट कायद्याचं कलम 59. अर्ज दिल्यावर दावा आवळता येतो, सैल करता येत नाही. सुधारलेला दावा पूर्णपणे जुन्या दाव्याच्या आतच बसला पाहिजे. रुंद देऊन आक्षेप आला तर पाईपवर मागे येता येईल. अरुंद दिलात तर पुन्हा रुंद होण्याची वाट बंद.

फौंड्रीवाला_गोकुळशिरगाव: मी त्यातनं गेलोय. मोल्ड बॉक्सच्या क्लॅम्पचं पेटंट होतं माझं. दाव्यात "चार बोल्टांनी आवळलेला" असं लिहिलं गेलं, कारण पहिल्या नगाला चार बोल्ट होते. दोन वर्षांत शेजारच्या तालुक्यात तसाच क्लॅम्प तीन बोल्टांवर निघाला. वकिलानं दावा वाचला आणि फाईल मिटून माझ्या हातात दिली. चार हा आकडा का लिहिला, हे त्या वेळी कुणीच विचारलं नाही. मी पण नाही.

निवृत्त_डिझाइनवाला: बोल्टचं पटलं. पण मग ताईंनी "तरंगा" का ठेवला? उद्या कुणी त्याच पाईपात सेन्सर सोडला आणि मोटरनं जाळी खाली नेली, तर तो पण सुटतोच ना? "पातळी ओळखणारा भाग" असं का नाही लिहीत?

राजारामपुरी_पेटंट: काका, तुमचा हा प्रश्न खरा अवघड आहे, मी पण त्यावर अडले होते. दावा वर्णनात जे सांगितलंय त्यावर न्याय्यपणे आधारलेला हवा, असं कलम 10 म्हणतं. प्रोव्हिजनलमध्ये फक्त तरंगा आहे. "पातळी ओळखणारा भाग" लिहायचं तर कम्प्लीटमध्ये दुसरा प्रकार सविस्तर द्यावा लागेल. उदाहरणार्थ, पाईपात वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन स्टीलच्या सळ्या. रस वीज वाहतो, म्हणून कोणती सळी उघडी पडली यावरून पातळी कळेल आणि मोटर त्यानुसार जाळी उतरवेल. एवढं लिहिता येईल. पण त्या रुंद दाव्याला प्रोव्हिजनलची तारीख मिळेल याची मी खात्री देणार नाही, कारण तेव्हा तरंग्याशिवाय काहीच सांगितलेलं नव्हतं. मधल्या 8 महिन्यांत कुणी काही प्रसिद्ध केलं असेल, तर ते त्या दाव्यावर येईल. आणि या धाग्यावर पाईप सांगून झालाय, तो पण त्यात मोजला जाईल. म्हणून तरंग्याचा दावा आणि सेन्सरचा दावा स्वतंत्र ठेवावा असं माझं मत.

थर्ड_इयर_मेकॅनिकल: पण ताई, पातळी मोजायला शांत नळी वापरणं टाक्यांमध्ये असतंच की. आम्हाला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये शिकवलंय. परीक्षक म्हणेल, तेल काढायचा स्किमर अधिक शांत नळी, यात नवीन काय?

राजारामपुरी_पेटंट: म्हणेल. हा आक्षेप येणार हे धरूनच चालायचं. उत्तर वर्णनात आधीच पेरून ठेवावं लागेल: फेसानं जाळी वर उचलली जाते आणि मळी निसटते ही अडचण, वाया गेलेल्या त्या दोन काहिली, आणि नळीनंतर काय बदललं. दादा, नळीसह आणि नळीशिवाय प्रत्येक काहिलीतून किती किलो मळी निघाली ते वजन करून लिहा. तेवढ्यावर परीक्षक मानेलच असं मी म्हणत नाही. कदाचित "जाळ नसलेल्या कडेला" ही अट दावा 1 मध्ये आणावी लागेल, कारण शांत नळी नेमकी तिथंच का ठेवायची हे टाकीतल्या नळीनं कुणाला सुचत नाही.

निवृत्त_डिझाइनवाला: ती अट मी आजच दावा 1 मध्ये घालीन.

राजारामपुरी_पेटंट: मी दावा 2 मध्ये ठेवीन. घालायला नंतर पण येते, काढायला नाही.

शिरोली_वर्कशॉप: एजंटना चित्र 3 घेऊन उद्या भेटतो. एक शंका राहिली. "कप्पा" लिहायचं तर पाईपच पाहिजे असं नाही, मग नुसता पत्र्याचा आडोसा कडेला उभा केला तर? तसं कधी करून बघितलं नाही.

राजारामपुरी_पेटंट: मग हंगाम चालू आहे तोवर करून बघा. पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी फेस आत आला तर "आडोसा" हा शब्द मला आवळावा लागेल, "सर्व बाजूंनी" असं लिहून.

शिरोली_वर्कशॉप: गुरुवारी काहील चढणार आहे. दोन्ही करतो, वजनं इथं न टाकता एजंटकडंच देतो.