मदत हवी आहे: अमेरिकेचा यील्ड कर्व्ह दोन वर्षं उलटा होता, मग मंदी कुठे गेली?

निमिष_प
जुलै 2022 पासून दोनेक वर्षं अमेरिकी सरकारच्या 2 वर्षांच्या रोख्यावर 10 वर्षांच्या रोख्यापेक्षा जास्त यील्ड होतं, म्हणजे कर्व्ह उलटा होता. तरी 2023 मध्ये तिथला जीडीपी वाढलाच. लांब मुदतीचं यील्ड म्हणजे पुढच्या दरांची अपेक्षा, हा अपेक्षा सिद्धांत फसला, की मीच चुकीचा वाचतोय?

धोंडोपंत
कर्व्ह उलटला की मंदी येते, उशीर होतो इतकंच. 2006 मध्ये उलटला, डिसेंबर 2007 मध्ये मंदी लागली.

कूपनवाली
पंत, 1966 मध्येही उलटला होता, तेव्हा मंदी आली नाही.
निमिष, आकडे घालून बघा. समजा 1 वर्षाचा दर 5 टक्के आणि 2 वर्षांचा 4.5 आहे. पैसे सलग 2 वर्षं गुंतवा किंवा 1-1 वर्ष करून, दोन्ही वाटांनी सारखेच व्हायचे असतील, तर दुसऱ्या वर्षाचा दर असा निघतो:

```
1.045² / 1.05 = 1.0400
```

म्हणजे 4 टक्के. पण लांब मुदतीत पैसे अडकवायला लोक थोडं जास्त मागतात. ते 0.3 धरलं, तर बाजाराची खरी अपेक्षा 3.7 टक्क्यांची. म्हणून तर साध्या दिवसांत कर्व्ह चढता असतो, आणि सपाट दिसला तरी त्यात दरकपातीची अपेक्षा दडलेली असते.
यातून दर उतरतील एवढंच कळतं, का उतरतील ते नाही. जून 2022 मध्ये तिथली महागाई 9.1 टक्के होती. ती खाली येईल म्हणून दर उतरतील, असं धरलं तरी कर्व्ह उलटतोच. त्यासाठी मंदीची अपेक्षा असावीच लागते असं नाही.

सुलभा_ठाणे
आमच्या बँकेत 444 दिवसांच्या एफडीला 5 वर्षांच्या एफडीपेक्षा जास्त व्याज आहे. मग भारतातही मंदी येणार का?

कूपनवाली
नाही हो ताई. बँकेला कुठल्या मुदतीच्या ठेवी हव्यात, त्यावरही तो दर ठरतो. भारताचा कर्व्ह बघायचा तर सरकारी रोख्यांचं यील्ड बघा.

निमिष_प
पण तो 0.3 आणायचा कुठून?

कूपनवाली
तिथेच घोडं पेंड खातं. तो बाजारात दिसत नाही, मॉडेलमधून काढावा लागतो, आणि दोन मॉडेलं दोन उत्तरं देतात. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, वर्षानुवर्षं रोखे विकत घेतल्यामुळे तो दबला, काही अंदाजांत तर शून्याखाली गेला. वरच्या उदाहरणात उणे 0.3 घाला, अपेक्षा 4.3 वर येते. कपात तेवढी मोठी राहत नाही, पण कर्व्ह तसाच उलटा दिसतो.

धोंडोपंत
मान्य. पण 2007 मध्ये कर्व्ह आधी सरळ झाला, मग मंदी आली. 2024 मध्येही तो सरळ झालाय. घड्याळ तिथून लावायचं, की उलटला तेव्हापासून?

निमिष_प
हाच माझा पुढचा प्रश्न होता. 3 महिने आणि 10 वर्षांची जोडी घेतली तर तारखाही बदलतात.