शब्दचर्चा: ‘ग्रीडी’ला लोभी म्हणायचं, तर तो सगळ्यात लहान का उचलतो?

अनुवादिनी
संगणकशास्त्राच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय आणि मजकूर कमी बिटांत बसवण्यासाठी अक्षरांना 0-1 चे संकेत देणाऱ्या हफमनच्या पद्धतीवरच्या प्रकरणात दोन शब्दांशी अडले आहे. ‘प्रीफिक्स कोड’ला ‘उपसर्ग संकेत’ लिहिलं, ‘ग्रीडी’ला ‘लोभी’. संपादकांनी दोन्हींखाली रेघ ओढून नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. गोष्ट नीट कळल्याशिवाय शब्द सापडणार नाही, म्हणून स्वतःच एक छोटा तक्ता घेतला. पाच अक्षरं, प्रत्येकापुढे ते किती वेळा येतं तो आकडा, मजकुराची एकूण लांबी ४० अक्षरं:

```
क  १२
म   ९
र   ८
त   ६
न   ५
```

(मात्रा, वेलांट्या मुद्दाम टाळल्या आहेत, नाहीतर चिन्ह कशाला म्हणायचं इथूनच वाद सुरू होईल.) यात लोभ नेमका कुणाचा आणि कशाचा?

पिंपळपान
‘लोभी’ अगदी बरोबर आहे की. जो सर्वात जास्त वेळा येतो त्याला सर्वात छोटा संकेत देऊन टाकायचा, मग उरलेल्यांत जो मोठा त्याला पुढचा. मोठ्यावर झडप घालायची, हाच लोभ. तुमच्या तक्त्यावर:

```
क  0
म  10
र  110
त  1110
न  1111
```

कुठलाही संकेत दुसऱ्याच्या सुरुवातीला येत नाही, म्हणजे उलगडताना घोळ नाही. हीच हफमनची पद्धत.

खटपट्या
पिंपळपान, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य. तुमचा कोड वैध आहे, त्यातून मजकूर तंतोतंत परत मिळेल. पण तो हफमनचा नाही. मोजून पाहा: १२ वेळा १ बिट, ९ वेळा २, ८ वेळा ३, आणि त व न मिळून ११ वेळा ४. म्हणजे १२ + १८ + २४ + ४४ = ९८ बिट. प्रत्येक अक्षराला सरसकट ३ बिट दिले असते तर १२० लागले असते, म्हणजे बचत झाली आहे. पण याच तक्त्यावर ९१ बिटांत काम होतं.

हफमन वरून सुरुवातच करत नाही. तो तळातून बांधत येतो. सगळ्यात कमी वेळा येणारी दोन उचलायची, त्यांची एक जुडी करायची, जुडीवर दोघांची बेरीज लिहायची आणि ती पुन्हा ढिगात टाकायची. मग परत तेच. इथे न (५) आणि त (६) यांची जुडी ११ ची झाली. आता ढिगात काय आहे? ८, ९, ११, १२. पुढची दोन लहान कोणती?

अनुवादिनी
थांबा, इथेच माझं चुकलं होतं बहुतेक. मी ११ च्या जुडीला र जोडला, १९ झाले. मग त्याला म जोडला, २८. मग क, ४०. आणि बरोबर पिंपळपान यांचीच शिडी आली! म्हणून मला वाटलं की त्यांचं उत्तर आणि माझं उत्तर जुळलं म्हणजे दोन्ही बरोबर.

खटपट्या
दोघे वेगवेगळ्या वाटांनी एकाच चुकीवर पोहोचलात. शिकवताना ही चूक सर्वात जास्त वेळा पाहिली आहे. एकदा जुडी झाली की माणूस तिलाच धरून बसतो, हिमगोळ्यासारखी वाढवत नेतो. पण जुडी ढिगात परतली की ती इतरांसारखीच एक. तिचा मान वेगळा नाही. ८, ९, ११, १२ मध्ये लहान दोन म्हणजे ८ आणि ९. र आणि म यांची स्वतंत्र जुडी, १७. मग ढिगात ११, १२, १७. आता ११ ची जुडी आणि क एकत्र, २३. शेवटी १७ आणि २३ मिळून ४०.

या जुड्यांचं एक झाड होतं. वरून खाली उतरताना एका फांदीला 0, दुसरीला 1:

```
र  00
म  01
न  100
त  101
क  11
```

तीन अक्षरांना २ बिट, दोघांना ३. म्हणजे २९ × २ + ११ × ३ = ९१. गंमत अशी की सर्वात जास्त वेळा येणाऱ्या क ला एका बिटाचा मान मिळालाच नाही, र आणि म च्या बरोबरीनेच बसावं लागलं. वारंवारता एकमेकींच्या जवळ असल्या की असंच होतं. शिडी जमते ती आकडे झपाट्याने उतरत असतील तेव्हा, उदाहरणार्थ १६, ८, ४, २, १.

जुनी_वही
तर मग ‘लोभी’ गेलाच म्हणायचा. लोभी माणूस ताटातलं मोठं उचलतो, हा तर सगळ्यात बारीक दोन उचलतोय. आणि ‘लोभस’ असं एका ठिकाणी छापलेलं मी वाचलंय, ते तर भलतंच. लोभस बाळ असतं, पद्धत नव्हे. ‘हावरट’, ‘अधाशी’ यांतही मोठा घास आहेच.

खटपट्या
लोभ कशाचा हे पाहायला हवं. जुडी बांधली की त्यातल्या प्रत्येक अक्षराचा संकेत एका बिटाने लांबतो. न आणि त बांधले, तेव्हा मजकुरातल्या ११ अक्षरांवर एकेक बिट चढला. खर्च ११. दुसऱ्या जुडीचा खर्च १७, तिसरीचा २३, शेवटचीचा ४०. बेरीज करा: ११ + १७ + २३ + ४० = ९१. एकूण लांबी म्हणजे जुड्यांवरच्या आकड्यांची बेरीजच. शिडीत तीच ११ + १९ + २८ + ४० = ९८.

म्हणजे तो दर पावलाला ‘आत्ता सर्वात कमी खर्च कुठे’ एवढंच बघतो. पुढे काय होईल याचा विचार नाही, केलेलं मोडणं नाही.

जुनी_वही
मग हा लोभी नाही, कंजूष आहे! चिक्कू पद्धत म्हणा.

अनुवादिनी
😄 ‘चिक्कू’ संपादक कापतील, पण ‘कंजूष’वर विचार करण्यासारखं आहे. अडचण एकच. याच पुस्तकात पुढे ‘ग्रीडी’ दुसऱ्या प्रश्नांना येतो, तिथे खरोखरच सर्वात मोठं उचलायचं असतं. तिथे ‘कंजूष’ कसा चालेल?

पिंपळपान
माझी चूक मान्य. पण एक विचारतो. जो पुढचं बघत नाही तो एरवी फसतो ना? मग इथे कंजूषपणा का फळतो?

खटपट्या
एरवी फसतोच. इथे तारणारी गोष्ट म्हणजे अदलाबदल. समजा, कुणी कमीत कमी बिटांचं झाड आणून दाखवलं. त्यात सर्वात खोल टोकाला एकाच जुडीतली दोन भावंडं असणारच, कारण एकटं टोक असेल तर त्याचा शेवटचा बिट फुकट आहे. आता न किंवा त त्या जागी नसून वर कुठेतरी बसले असतील, तर त्यांना खाली आणा आणि खालच्यांना वर न्या. जास्त वेळा येणारा वर गेला, कमी वेळा येणारा खाली आला, एकूण लांबी वाढायचा प्रश्नच नाही. म्हणजे सर्वात लहान दोघांना भावंडं करण्यात कधीच तोटा नाही. त्यांची जुडी हे एकच अक्षर मानलं की तोच प्रश्न एक अक्षर कमी घेऊन पुन्हा समोर.

हे उशिरा सुचलं आहे बरं का. हफमनचे शिक्षक फॅनो वरून खाली, जवळजवळ समान दोन भाग करत जायचे, आणि त्यात कधीकधी थोडे बिट वाया जायचे. १९५१ मध्ये एमआयटीत त्यांच्याच वर्गात हफमन विद्यार्थी होते. परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा होती, त्यातून ही उलटी वाट निघाली. १९५२ साली छापलेल्या लेखाच्या शीर्षकात शब्द आहेत ते ‘किमान फाजीलपणाचे संकेत’ अशा अर्थाचे. लोभ तिथे नाही, काटकसर आहे.

छायाप्रकाश
मला विषय थोडा वेगळा वाटला, पण विचारतो. जेपीजी फोटोत हफमन वापरतात असं वाचलंय. फोटो पुन्हा पुन्हा जतन केला की बिघडतो हे तर मी रोज बघतो. मग ‘तंतोतंत परत मिळेल’ कसं म्हणता?

खटपट्या
बिघाड होतो तो आधीच्या पायरीवर, जिथे बारीक तपशिलांचे आकडे भागून जवळच्या पूर्णांकावर आणले जातात. तिथे गेलेलं परत येत नाही. हफमनची पायरी त्यानंतरची. तिच्यात जे आकडे आत गेले तेच बाहेर येतात.

कोरा_कागद
माझंही सांगतो. मी हे स्वतः लिहून पाहिलं, छोटा निरोप दिला, तर निघालेली फाईल मूळ निरोपापेक्षा मोठी! रात्रभर चूक शोधली.

खटपट्या
फाईलमध्ये झाड किंवा तक्ताही साठवला असेल ना? उलगडणाऱ्याला तो लागतोच. वरच्या उदाहरणात १२० विरुद्ध ९१, बचत २९ बिट. अक्षरांची यादी आधीच ठरलेली आहे असं धरून नुसत्या पाच संकेतांच्या लांब्या प्रत्येकी ४ बिटांत पाठवल्या तरी २० गेले, हातात उरले ९. मजकूर याच्या निम्मा असता तर तोटाच. लांब्यांवरून ठरावीक नियमाने संकेत पुन्हा बांधता येतात, म्हणून झिपमधल्या डिफ्लेट पद्धतीतही लांब्याच पाठवतात, आणि त्या १५ च्या पुढे जाऊ देत नाहीत.

तपासायचं असेल तर तुमचे संकेत माझ्याशी जुळतात का हे बघू नका. 0 आणि 1 ची अदलाबदल कुठेही चालते. एकूण बेरीज ९१ येते का तेवढं बघा.

जुनी_वही
‘उपसर्ग’ राहिलाच. व्याकरणात उपसर्ग शब्दाला लागून अर्थ बदलतो: हार, प्रहार, आहार. इथे तसं काही नाही, उलट कुणीही कुणाच्या पुढे लागायला नको आहे. म्हणजे ‘उपसर्ग संकेत’ हे नाव जे नाही तेच सांगतं. शिवाय जुन्या मराठीत उपसर्ग म्हणजे त्रास. त्या न्यायाने ‘निरुपसर्ग संकेत’ दोन्ही अर्थांनी बरोबर बसतो!

पिंपळपान
तसा नियम नसेल तर उलगडताच येणार नाही, म्हणून नाव महत्त्वाचं. क `0`, म `1`, र `01` ठेवलं तर `01` म्हणजे र की कम?

खटपट्या
उदाहरण बरोबर, निष्कर्ष थोडा ताणलेला. क `1`, म `10`, र `100` घ्या. इथे `1` सगळ्यांच्या सुरुवातीला आहे, तरी मजकूर एकाच प्रकारे उलगडतो, कारण प्रत्येक `1` म्हणजे नवं अक्षर. फक्त पुढचा बिट पाहिल्याशिवाय आधीचं अक्षर संपलं की नाही ते कळत नाही. निरुपसर्ग असण्याचा फायदा तो: `011100` वाचताना `01` आलं की म, तिथल्या तिथे. मग `11` क, `00` र. मकर. मागे वळून पाहावं लागत नाही.

अनुवादिनी
मग ‘अग्रांशमुक्त संकेत’ कसा वाटतो? अग्रांश म्हणजे सुरुवातीचा तुकडा. ‘निरुपसर्ग’ मला आवडला, पण वाचक त्रासाचा अर्थ आधी घेतील अशी भीती वाटते.

जुनी_वही
अग्रांश ऐकून मला कोन मोजायची वही आठवते. पण वाईट नाही.

अनुवादिनी
‘ग्रीडी’साठी सध्या ‘तत्काळलाभी’ लिहून ठेवते आणि हफमनच्या प्रकरणात एक ओळ घालते की इथे लाभ म्हणजे कमी खर्च. ९८ ची शिडीही उदाहरणात ठेवणार आहे, चुकीसकट.

पिंपळपान
शिडीखाली माझं नाव नको म्हणजे झालं.