मदत हवी आहे: दराने लावलेली नॅपसॅक, वस्तू अख्खी घ्यायची म्हटलं की का चुकते?

इरा_के
वस्तूचा तुकडा चालत असेल तेव्हा किंमत भागिले वजन असा दर काढायचा, दराच्या उतरत्या क्रमाने वस्तू भरायच्या आणि शेवटची मावेल तेवढी कापून घ्यायची, हे नीट कळलंय. पण वस्तू अख्खी घ्यायची किंवा सोडायची असेल, तर हाच नियम चुकतो. खालचं उदाहरण मी स्वतः तयार केलं. पिशवीत १० किलो मावतात.

अ: वजन ६, किंमत ३० (दर ५)
ब: वजन ५, किंमत २० (दर ४)
क: वजन ५, किंमत १८ (दर ३.६)

नियमाने आधी अ येते. उरलेल्या ४ किलोत ब किंवा क मावत नाही, म्हणून हाती ३०. ब आणि क घेतल्या तर ३८. चुकतं हे दिसतंय. पण तुकड्यांसाठी नियम बरोबर असल्याची जी सिद्धता आहे, तिची नेमकी कोणती पायरी इथे मोडते?

निखिल०७
नियम मोडत नाही, तुम्ही लवकर थांबताय. जी मावत नाही ती सोडून यादीत पुढे जात राहा, खालची छोटी वस्तू सापडते.

इरा_के
पुढे गेले, पण क सुद्धा ५ किलोचीच आहे. उत्तर ३०च राहतं.

सदाशिव_प
पुढे जात राहणं चांगलंच, त्याने उत्तर कधी खालावत नाही. पण हमी मिळत नाही. पिशवी १०० किलोची घ्या. एक वस्तू १ किलो, किंमत २. दुसरी १०० किलो, किंमत १००. दराने पहिली आत जाते, दुसरीला जागा उरत नाही, हाती २. पिशवी आणि दुसरी वस्तू अशीच वाढवत नेली तर तफावत हवी तेवढी मोठी होते.

आता मूळ प्रश्न. तुकड्यांची सिद्धता अदलाबदलीवर उभी आहे. समजा कुणी ब आणि क भरून पिशवी आणली. मी त्यातला १ किलो क काढतो आणि १ किलो अ घालतो. वजन तेवढंच, किंमत १.४ ने वाढली. अ संपेपर्यंत हे करत राहायचं, कारण प्रत्येक वेळी जेवढं वजन काढलं तेवढंच आत जातं. शेवटी अ पूर्ण आणि ब चे ४ किलो उरतात, म्हणजे ३० + १६ = ४६. त्यापुढे सुधारणा शक्य नाही.

अख्ख्या वस्तूंत हीच पायरी अडते. अ ला ६ किलो जागा हवी, ब काढून ५ मिळतात. म्हणून दोन्ही काढाव्या लागतात: ३८ गेले, ३० आले आणि ४ किलो रिकामे राहिले. त्या रिकाम्या जागेचा दर शून्य. अ चा दर ५ खरा, पण तो सहाच किलोंना लागू. दहा किलोंवर पसरला तर ३ पडतो, आणि ब-क जोडीचा ३.८.

इरा_के
म्हणजे दोष दरात नाही, उरलेल्या जागेत आहे. मग दराने भरताना पिशवी नेमकी काठोकाठ भरली तर?

सदाशिव_प
मधली एकही वस्तू न सोडता भरली, तर ते उत्तर सर्वोत्तमच. तुकड्यांचं उत्तर ही वरची मर्यादा असते. अख्ख्या वस्तू तिच्यापुढे जाऊ शकत नाहीत. काहीही न कापता तिथे पोचलात तर शोधायला काही उरलं नाही. सगळ्या वस्तूंचं वजन सारखं असेल तरीही नियम चालतो, कारण अदलाबदल पुन्हा सारख्या वजनाची होते.

रेवती_कोड
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी दर सोडून टेबल भरलं, आणि याच आकड्यांवर माझं उत्तर ४० येतंय! ३८ चुकीचं आहे का?

```python
for w, v in items:
    for c in range(w, W + 1):
        best[c] = max(best[c], best[c - w] + v)
```

सदाशिव_प
३८ बरोबर आहे. तुमची पिशवी ब दोनदा घेते, २० + २०. आतला लूप लहान क्षमतेकडून वर जातोय, त्यामुळे `best[c - w]` मध्ये तीच वस्तू आधीच बसलेली असते. तो उलटा फिरवा: `range(W, w - 1, -1)`.

निखिल०७
मग दराचा क्रम अख्ख्या वस्तूंसाठी टाकूनच द्यायचा?

सदाशिव_प
नाही. एकेकट्या पिशवीत मावतील अशाच वस्तू ठेवा. दराने भरत जा आणि पहिली न मावणारी आली की दोन उत्तरं ताडून पाहा: तोवर भरलेलं, आणि ती वस्तू एकटी. दोघांची बेरीज वरच्या मर्यादेहून कमी नसते (इथे ३० + २० = ५०, मर्यादा ४६). म्हणून त्यातलं मोठं निदान सर्वोत्तमाच्या निम्मं भरतं.

इरा_के
अदलाबदलीचं आता पक्कं कळलं. पण माझ्या खऱ्या डेटात वजनं २.३५७ अशी आहेत आणि क्षमता लाखांत. हजाराने गुणलं तर टेबल कोट्यवधी रकान्यांचं होतं. वजनं गोल केली तर उत्तर किती ढळेल, हे आधी सांगता येतं का?

सदाशिव_प
वस्तू किती आहेत, आणि किंमती लहान पूर्णांक आहेत का? असतील तर टेबल किंमतीवर बांधता येतं, वजनं गोल करायची गरजच पडत नाही.