खरेदी समिती: पाचांतले तिघे पुरेत, की तिघांपैकी तिघे हवेत?

सचिव_फोंडा
आमची संस्था फोंडा तालुक्यात एक हायस्कूल आणि बालवाडी चालवते. वर्षाची खरेदी बारा-चौदा लाखांच्या आसपास. यंदा ऑडिटरांनी सांगितलं, अंतर्गत खरेदी समिती नेमा आणि तिची कार्यकक्षा लेखी करा. मी केलेला मसुदा असा: सभासद पाच, म्हणजे मुख्याध्यापक, हेडक्लार्क, एक शिक्षक आणि व्यवस्थापक मंडळाचे दोघे. कोरम तिघांचा. 50,000 पर्यंतची खरेदी समिती मंजूर करील, त्यापुढची मंडळ. अहवाल वर्षातून एकदा. कुठे चुकतंय का?

हिशेबनीस_म्हापसा
पाचात तीन म्हणजे बहुमत, म्हणून कोरम बरा दिसतो. पण कुठले तिघे ते बघा. मुख्याध्यापक, हेडक्लार्क आणि शिक्षक बसले की सभा कायदेशीर झाली, आणि त्यातले दोघे तिसऱ्याच्या हाताखालचे. रजा मुख्याध्यापकच मंजूर करतात, गोपनीय अहवाल तेच लिहितात. अशा सभेत "हे बाक इतके महाग का?" असं कोण विचारणार?

एका संस्थेचं अंतर्गत ऑडिट मी केलं होतं (नाव सांगत नाही), तिथली समिती जवळजवळ तुमच्यासारखीच होती. 40 बाक घ्यायचे होते. तीन कोटेशनं आली: नगाला 4,150, 4,600 आणि 4,900. घेतले 4,600 वाले. इतिवृत्तात एकच ओळ, "दर्जा लक्षात घेऊन सर्वानुमते". फरक नगामागे 450 चा, म्हणजे एकूण 18,000.

मधला दर घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही. कदाचित तोच बाक बरा असेल. पण कोटेशन मागवताना फळी किती जाडीची, सांगाडा कसल्या पाइपचा, रंग कसला, हे कुणी लिहूनच दिलं नव्हतं. तिघांनी तीन वेगळ्या बाकांचे दर दिले, त्यामुळे तुलनात्मक तक्ता नुसता आकड्यांचा कागद झाला.

आता तुमच्या 50,000 वर येते. तिथेही समितीची मर्यादा तेवढीच होती. 10 बाकांचे 46,000 होतात. बिलं चार निघाली, प्रत्येकी 10 बाकांची, चार वेगळ्या तारखांची. एकूण 1,84,000, आणि मंडळाकडे एकही कागद गेला नाही. बिलांचे नंबर पाठोपाठचे होते. डिलिव्हरी चलन मात्र एकच, चाळीसच्या चाळीस बाक एका टेम्पोतून एकाच दिवशी उतरलेले. हे मला दिसलं अकरा महिन्यांनी, कारण अहवाल वर्षाचा. तोवर पैसे देऊन झाले होते आणि तो शिक्षक बदली होऊन गेला होता.

चोरी झाली असं आजही मला वाटत नाही. शाळा उघडायच्या आत बाक हवे होते आणि मंडळाची सभा लांब होती, एवढंच. पण तुमच्या मसुद्याने हा सगळा प्रकार नियमात बसतो.

जुना_कारकून_पणजी
ताई, एवढा खल कशाला? केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, 2017 च्या, नियम 155 मध्ये स्थानिक खरेदी समिती आहे. सभासद तीन, कोरम वगैरे काही नाही, तिघांनी बाजारात फिरून दर बघायचे आणि तिघांनी दाखल्यावर सह्या करायच्या. तुम्ही अनुदान घेता, तेव्हा हे नियम तुम्हाला बंधनकारकच आहेत. तेच उतरून काढा, ऑडिटर तोंड उघडणार नाही.

हिशेबनीस_म्हापसा
नियम तुम्ही बरोबर सांगितलात, बंधन मात्र सरसकट नाही. ते नियम मुळात सरकारी खात्यांसाठी आहेत. खाजगी संस्थेवर काय लागू होतं ते तिच्या अनुदानाच्या मंजुरीपत्रातल्या अटींवरून ठरतं. सचिवबाब, ते पत्र काढून वाचा. आणि बालवाडीचे पैसे फीमधून येत असतील तर तो हिशेब वेगळा.

पण त्या नियमातली एक गोष्ट घ्यावी अशी आहे. दाखल्यात सभासद म्हणतात की आम्ही "संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या" समाधानी आहोत: माल हव्या त्या प्रतीचा आहे, दर बाजारभावाचा आहे, पुरवठादार विश्वासाचा आहे. खरं वजन त्या "वैयक्तिकरीत्या"त आहे. उद्या कुणाला "मी फक्त सही केली" म्हणता येत नाही. आणि मागणीचे तुकडे करू नका हेही तिथे लिहिलेलं आहे, नियम 157 मध्ये. मी वर सांगितलेले चार तुकडे त्यातच मोडतात.

काणकोणचो_मास्तर
मी मुख्याध्यापक आहे, म्हणजे वरच्या गोष्टीतला खलनायकच म्हणा. आता माझी बाजू ऐका.

आमच्याकडे कारकूनबाबांचीच पद्धत होती, तीन सभासद, तिघांच्या सह्या. जूनमध्ये विहिरीचा पंप जळला. मुलांच्या संडासाला पाणी नाही. तिघांतले एक सभासद मुलाकडे मुंबईला, दुसऱ्यांच्या घरी बाराव्याचं. शिपाई कागद घेऊन घरोघर फिरला. एकाने पायरीवरच सही केली, चष्मासुद्धा लावला नाही. त्या सहीला तुम्ही वैयक्तिक समाधान म्हणणार? सगळे हवेत असा नियम केलात की सही हा नुसता ठसा होतो.

आणि कोरम मोडला म्हणून खरेदी थांबली तर शिव्या कोण खातो? मंडळ नाही, आम्ही. चवथीचे आठ-दहा दिवस गोव्यात कुणाची सभा भरते ते मला दाखवा.

वास्को_तिसरा_मजला
आमच्या सोसायटीतही हेच! लिफ्टची दुरुस्ती झाली, चेकवर चेअरमन आणि खजिनदार दोघांच्या सह्या, तरी लोक भांडतात. चेकवर दोन सह्या असल्या म्हणजे झालं ना? मग वेगळी समिती हवी कशाला?

हिशेबनीस_म्हापसा
वास्कोकर, चेकवरची सही शेवटची. तोवर वस्तू ठरलेली असते, दुकान ठरलेलं असतं आणि माल येऊन पडलेला असतो. खजिनदार तिथे बिलाचा आकडा जुळतो का एवढंच बघू शकतो.

मास्तर, पंपाचं तुमचं खरं आहे. पण म्हणून कोरम सैल करू नका, पंपाला वेगळं कलम द्या. पाणी, वीज, छप्पर किंवा मुलांची सुरक्षितता यांचा प्रश्न असेल तर मुख्याध्यापकांनी, समजा 15,000 पर्यंत, एकट्याने खरेदी करावी. सात दिवसांत कारण, बिल आणि जळलेल्या भागाचा मेकॅनिकचा शेरा समितीपुढे ठेवावा. समितीने तो पुढच्या सभेत नोंदवून घ्यावा. पटला नाही तर तसंही लिहावं.

नेहमीच्या खरेदीला मात्र कोरम असा ठेवा: तीन सभासद, आणि त्यात मंडळाचा किमान एक. मुख्याध्यापकांनी सभेला असावंच, वस्तू कशाला हवी ते त्यांनाच ठाऊक असतं. पण मागणी त्यांची असेल तर अध्यक्षपद त्यांच्याकडे नको.

डिचोलीचो_भुरगो
गावातली अडचण कुणी बोलतच नाही. आमच्या समितीत पाच जण. फर्निचरवाला एकाचा मावसभाऊ, झेरॉक्सवाला दुसऱ्याचा व्याही, आणि रंगाचं दुकान तर अध्यक्षांच्याच वाड्यावर. नातं असलेला सभासद उठून बाहेर गेला तर कोरम मोडतो. नाही गेला तर गाव बोलतं.

हिशेबनीस_म्हापसा
सगळ्यात अवघड तेच. माझं मत: त्या विषयापुरतं त्याने उठावं, कुणाशी काय नातं ते इतिवृत्तात यावं, आणि त्या विषयाच्या कोरममध्ये त्याला धरू नये. पाचांतले दोघे गैरहजर आणि एक उठला तर उरले दोन. तो विषय त्या दिवशी घेता येत नाही, बाकीचे घ्या. म्हणून नेमणुकीच्या ठरावातच मंडळाकडून एक पर्यायी सभासद नावानिशी नेमून ठेवा. आयत्या वेळी "यांना बसवू" चालत नाही, कारण तेव्हा बसवणारा आपला माणूसच बसवतो.

जुना_कारकून_पणजी
पर्यायी सभासद म्हणजे सहावा सभासद. कुणीही यायचं आणि कुणीही सही करायची. चाळीस वर्षं फायली बघितल्या मी. समिती मोठी झाली की जबाबदारी पातळ होते. तीनच ठेवा, एक मंडळाचा, एक मागणी करणारा, एक हिशेबातला. कोरम तीन. कुणी नसेल तर सभा उद्या घ्या.

काणकोणचो_मास्तर
उद्या पण तो मुंबईतच असणार हो!

सचिव_फोंडा
मंजुरीपत्र काढलं. आमच्या पत्रात केंद्राच्या नियमांचा उल्लेख नाही. हिशेब स्वतंत्र ठेवा आणि मागितल्यास कागद दाखवा एवढंच आहे. म्हणजे कार्यकक्षा आम्हीच ठरवायची.

मसुदा असा बदलला. सभासद पाचच, मंडळाचा एक पर्यायी. कोरम तीन, त्यात मंडळाचा एक. सभा तहकूब झाली तर दोन दिवसांच्या नोटिशीने पुन्हा, तेव्हा दोघांचा कोरम पुरेल, पण त्यातही मंडळाचा एक हवा आणि विषय जुन्याच यादीतले. मर्यादा 50,000 च, पण एकाच वस्तूची 30 दिवसांतली मागणी एकत्र मोजायची. कोटेशन मागवण्याआधी वस्तूचं वर्णन लिहून सही. मालाची नोंद स्टॉक रजिस्टरमध्ये समितीत नसलेल्या माणसाने करायची.

हिशेबनीस_म्हापसा
हे चांगलं. आता अहवाल. वर्षाचा नको, दर महिन्याला एक पान. भाषण नको त्यात. पुरवठादारवार यादी, बिल नंबर, तारीख, रक्कम. सर्वांत कमी दर डावलला असेल तर कारण एका वाक्यात. तातडीची खरेदी आणि कोण सभेतून उठलं तेही. त्या बाकांचं असं पान मंडळापुढे गेलं असतं तर एकाच नावापुढे चार वेळा 46,000 दिसले असते. त्याला ऑडिटर लागत नाही.

तहकूब सभेचा दोघांचा कोरम मात्र मला पटत नाही. मंडळाचा एक आणि मुख्याध्यापक, झाली समिती. त्यात ते दोघे जुने मित्र असले तर?

काणकोणचो_मास्तर
आणि तिसरा पुन्हा आलाच नाही तर? ताई, तुमच्या नियमाने न येणाऱ्याच्या हातात किल्ली जाते. आमच्याकडे एक सभासद नको असलेल्या विषयाला मुद्दाम गैरहजर राहायचा.

हिशेबनीस_म्हापसा
लागोपाठ तीन सभांना न कळवता गैरहजर राहिला तर मंडळाने सभासद बदलावा, असं घाला.

काणकोणचो_मास्तर
तो कळवतो ना. दर वेळी. व्हॉट्सअ‍ॅपवर, सभेच्या दहा मिनिटं आधी.

सचिव_फोंडा
दोघांचा कोरम 25,000 च्या आतल्या विषयांपुरता ठेवला तर? रविवारी मंडळाची सभा आहे, दोन्ही पर्याय लिहून नेतो. अध्यक्षांना कुठला रुचेल याचा अंदाज मला आत्ताच आहे, पण तो इथे लिहीत नाही.