‘देणे लागतो’ म्हणजे वचन दिलं का?

पाटीपुस्तक
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो. मुलांसाठी व्यापारी कायद्याची प्रश्नमंजुषा बसवतोय. प्रश्न एका मराठी प्रश्नसंचातून घेतले, त्यात हा एक:

‘मी ब चे रु. १,००० देणे लागतो.’ (सही) हा दस्तऐवज कोणता? (अ) धनादेश (आ) हुंडी (इ) वचनचिठ्ठी (ई) यांपैकी नाही.

उत्तरसूचीत (इ). मी वर्गात (ई) सांगितलं होतं. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, देणे लागतो म्हंजे द्यावंच लागते नं? मंग वचनच झालं.” पोरगं हुशार आहे, आणि त्याच्या बोलण्यात मराठीच्या अंगानं तथ्य वाटतं. मराठीत ‘देणे लागतो’ नुसतं कबुलीचं आहे की बांधून घेणारं?

शुद्धमती
विद्यार्थी बरोबर आहे. ‘लागणे’ हे सक्तीचं क्रियापद आहे. जावं लागतं, करावं लागतं, तसंच देणे लागतो. मराठी माणूस ‘देणे लागतो’ म्हणाला की त्यात कर्तव्य आलंच. आधी इंग्रजीतून विचार करायचा आणि मग मराठीत फट शोधायची, ही सवय सोडू या. आणि तो शब्द ‘वचनपत्र’ असावा. ‘चिठ्ठी’ लहान मुलं वर्गात एकमेकांना देतात.

तूरडाळ
उत्तरसूची बरोबरच आहे, आणि कारण कायद्यातच आहे. ज्या वचनचिठ्ठीत पैसे कधी द्यायचे ते लिहिलेलं नसतं, ती मागताच देय धरतात. म्हणजे ‘कधी’ नाही म्हणून बिघडत नाही. पूर्वी एम.कॉम. केलं होतं, हे पक्कं आठवतं.

जुना_कॅशियर
तूरडाळ, नियम तुम्हाला बरोबर आठवतो, पण तो लागतो वचनचिठ्ठी झाल्यावर. वेळ लिहिलेली नसेल तर कायदा वेळ भरून देतो. वचनच नसेल तर ते मात्र कोणी भरून देत नाही.

पाटीपुस्तक सर, हा प्रश्न कुठून आला ते सांगतो, म्हणजे गुंता कुठे झाला ते दिसेल. १८८१ च्या कायद्यात वचनचिठ्ठीच्या कलमाखालीच उदाहरणं दिली आहेत. त्यातल्या एकात लिहिणारा म्हणतो की मी ब चा हजार रुपयांचा ऋणी असल्याचं मान्य करतो, मागताच देय, मोबदला पोहोचला. ही वचनचिठ्ठी. लगेच पुढच्या उदाहरणात नुसतं ‘ब साहेब, आय. ओ. यू. रु. १,०००’ एवढंच आहे. ही वचनचिठ्ठी नाही. दोन्हीत कर्ज कबूल आहे, रक्कम तीच आहे. फरक काय तो ‘मागताच देय’ या दोन शब्दांचा. पहिला माणूस सांगतो की तू माग, मी देतो. दुसरा फक्त सांगतो की तुझं माझ्याकडे आहे.

तुमच्या प्रश्नसंचाच्या अनुवादकानं दोन्हीसाठी ‘देणे लागतो’ वापरलं असणार, आणि पहिल्या उदाहरणाचं शेपूट छापताना गळालं. उत्तर पहिल्याचं राहिलं, वाक्य दुसऱ्याचं झालं. आता छापलंय तसं वाचलं तर उत्तर (ई).

शुद्धमती
पण मी मराठीबद्दल बोलतेय. ‘लागणे’मधल्या सक्तीचं काय?

जुना_कॅशियर
ताई, सक्ती आहे हे कोण नाकारतं? ‘मला द्यावं लागतं’ यात सक्ती माझ्यावर आहे. पण ‘मी देईन’ हे मी तुम्हाला म्हणतो. मेहुण्याचे दहा हजार लागतो हे मी साऱ्या गावात सांगतो. देईन असं अजून एकदाही म्हटलेलं नाही, आणि तोही ते जाणून आहे.

वऱ्हाडी_बोंड
कॅशियर काका, तुमी बँकेत व्हता म्हून इचारतो. गेल्या डिसेंबरात मी खेडा खरेदीवाल्याले कापूस देल्ला. १३ क्विंटल, ७,००० नं. त्यानं चिठ्ठी देल्ली, ‘कापूस १३ क्वि., ९१,००० देणे बाकी’, खाली सही. संगं चेक देल्ला. १८ तारखेले देल्ला, पण तारीख टाकली ५ जानेवारी. म्हने बँकेत पैसे येऊ द्या. ५ ले टाकला, ९ ले वापस आला, खात्यात पैसे नाई म्हून. आता हे माह्याजवळचं चेक हाय, का हुंडी, का वचनचिठ्ठी? तुमी सारे एवढे भांडून राह्यले तं मले बी सांगा.

तूरडाळ
भाऊ, चिठ्ठीवर पावती तिकीट लावून त्यावर सही घेतली होती का? तिकिटावर सही असेल तर ती वचनचिठ्ठी.

जुना_कॅशियर
तिकिटानं कागदाची जात बदलत नाही. खरी वचनचिठ्ठी बिनतिकिटाची असेल तर कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, आणि मागाहून दंड भरूनही ती चालवता येत नाही, इथपर्यंत तिकिटाचं महत्त्व आहे. पण ‘देणे बाकी’ लिहिलेल्या कागदाला दहा तिकिटं डकवली तरी त्यात ‘देईन’ उगवत नाही.

बोंड भाऊ, म्हणजे तुमची चिठ्ठी सरांच्या प्रश्नातलीच आहे. वचनचिठ्ठी नाही, पण रद्दी समजून फेकू नका. माल किती, दर किती, बाकी किती हे त्याच्या सहीनं त्यात आहे. दिवाणी दाव्यात ती तुमच्या कामाची, आणि विकलेल्या मालाच्या पैशासाठी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते.

आता चेक. चेक म्हणजे बँकेवर काढलेली आणि मागताच देय असलेली हुंडीच. १८ डिसेंबरला तुमच्या हातात आला तो कागद मागताच देय नव्हता. त्या दिवशी बँकेनं पैसे दिलेच नसते. म्हणून ५ तारखेपर्यंत ती हुंडी आणि ५ तारखेला ती चेक झाली. पुढच्या तारखेच्या चेकबद्दल सुप्रीम कोर्टानंही असंच धरलं आहे. तेव्हा तुम्ही टाकला तो चेकच, आणि न वटण्याचं कलम १३८ त्याला लागू.

पाटीपुस्तक
हे फार छान झालं. माझ्याकडे पुढचा प्रश्न आहे, ‘पुढील तारखेचा धनादेश ज्या दिवशी दिला त्या दिवशी तो काय असतो?’ मला वाटलं होतं तो प्रश्नच चुकीचा आहे.

वऱ्हाडी_बोंड
सर, तुमच्या परीक्षेचं होईल. माह्या ९१,००० चं सांगा. मी त्याले फोनवर नोटीस देल्ली. चार बायका ऐकत व्हत्या.

जुना_कॅशियर
फोनवरची नोटीस कायद्याला ऐकू येत नाही, भाऊ. लेखी पाहिजे. चेक परत आल्याचं तुम्हाला बँकेकडून ९ जानेवारीला कळलं, तर तिथून ३० दिवसांत. म्हणजे ८ फेब्रुवारीपर्यंत चेकच्या रकमेची लेखी मागणी निघाली पाहिजे. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. त्याच्या हातात पडल्यापासून त्याला १५ दिवस. त्यात दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. आणि चेकसोबत बँकेनं दिलेला तो छोटा मेमो, ज्यावर कारण लिहिलेलं असतं, तो चेकला टाचून ठेवा. लोक चेक जपतात आणि मेमो हरवतात.

तूरडाळ
नाहीतर परत टाका ना चेक. तीन महिने चालतो.

जुना_कॅशियर
टाकता येतो, तारखेपासून तीन महिन्यांच्या आत. पुन्हा परत आला तर नोटिशीचे ३० दिवस नव्यानं मोजता येतात. पण व्यापारी ‘पुढच्या सोमवारी टाका’ म्हणत म्हणत ते तीन महिने संपवतात, हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय.

शुद्धमती
एक विचारते. तुम्ही सगळे सर्रास ‘हुंडी’ म्हणताय. पर्यायातही हुंडीच आहे. ‘विनिमयपत्र’ असा नेमका शब्द असताना ही ढिलाई कशाला? धनादेश शब्द पाहा, त्यात ‘आदेश’ स्वतःच बसलाय. बँकेला दिलेला आदेश. वचनपत्रात वचन. अर्थ शब्दातच आहे.

तूरडाळ
हुंडी हा ‘हुंडा’चाच शब्द आहे. दोन्हीत पैसा या हातातून त्या हातात जातो.

जुना_कॅशियर
हुंडा आणि हुंडीचं नातं तुम्ही लावा, मी लावत नाही. पण ताईंचा मुद्दा धरण्यासारखा आहे, फक्त वेगळ्या कारणानं. जुन्या व्यापारात एक जोखमी हुंडी असे. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे. वाटेत बुडाला तर काही नाही. म्हणजे अट आली. आणि कायद्यातल्या बिल ऑफ एक्सचेंजचा आदेश बिनशर्त लागतो. तेव्हा दर्शनी हुंडी, मुदती हुंडी त्या साच्यात बसतात, जोखमी बसत नाही. प्रश्नमंजुषेत ‘हुंडी’ लिहिलं की कोणती, हे विचारायला जागा राहते. १८८१ च्या कायद्यानंही आपल्या भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले होते.

पण ‘विनिमयपत्र’ म्हटल्यानं मुलाला काय कळतं? त्यात आदेशही दिसत नाही, वचनही दिसत नाही. मी असतो तर मुलांना एवढंच सांगितलं असतं की कागद मोठ्यानं वाचा. ‘मी देईन’ ऐकू आलं तर एका गठ्ठ्यात. ‘अमक्या, तू ह्याला दे’ ऐकू आलं तर दुसऱ्यात. आणि तो ‘अमक्या’ बँक असून पैसे मागताच द्यायचे असतील, तर चेक.

तूरडाळ
पण बिलात तीन माणसं लागतात, हे सोपं नाही का? मोजायचं आणि मोकळं व्हायचं.

जुना_कॅशियर
मोजून फसाल. मी तुमच्यावर हुंडी काढली आणि लिहिलं की पैसे मलाच द्या, तर माणसं दोनच. भूमिका तीन. चेकवर ‘स्वतः’ लिहून पैसे काढता, तेव्हाही तसंच.

शुद्धमती
भूमिका तीन, माणसं दोन. पर्यायांत हे कसं विचारणार? आणि ‘देणे लागतो’चं अजून संपलेलं नाही. एखाद्यानं ‘मागताच देणे लागतो’ लिहिलं तर?

जुना_कॅशियर
तर मी वचनचिठ्ठी म्हणेन. पण समोरचा वकील भांडेल, आणि त्याला भांडायला जागा आहे.

पाटीपुस्तक
मग मी प्रश्न असा करतो: ‘मी ब चे रु. १,००० देणे लागतो; ब ने मागताच देईन.’ उत्तर (इ).

तूरडाळ
सर, एवढं उघड लिहिल्यावर प्रश्न काय राहिला? मागच्या बाकावरचंही सोडवेल.

वऱ्हाडी_बोंड
मागच्या बाकावरच्यानंच तं बरोबर इचारलं व्हतं. काका, मेमो घावला, लायसनच्या पाकिटात व्हता. नोटीस आपल्या हातानं लिहिली तं चालते का वकीलच पाह्यजे?

जुना_कॅशियर
हातानं चालते. चेक नंबर, तारीख, ९१,००० रुपये, बँकेनं परत केल्याचं कारण आणि १५ दिवसांत द्या, एवढं स्पष्ट लिहा. दोन हजार व्याजाचे, पाचशे गाडीभाड्याचे त्या रकमेत मिसळू नका. लिहायचेच असतील तर चेकच्या रकमेपासून वेगळे दाखवा. मागणी चेकच्या रकमेचीच पाहिजे, तिथं पुष्कळ नोटिसा पडतात.