मेळाव्यातली ओळख: मशीन सांगा, विशेषणं नकोत

> नुकताच छोटा छापखाना घेतलाय. मेळाव्यात मिनिटभर स्वतःची ओळख करून द्यायची आहे, काय बोलू?

समोर बहुतेक धंद्यातलेच असणार, त्यामुळे 'दर्जेदार काम, वेळेवर डिलिव्हरी' गाळा; ते सगळेच म्हणतात. छापखाने एकमेकांना कामं देतात, म्हणून तुमच्याकडे काय होतं आणि काय होत नाही, हेच त्यांना ऐकायचं असतं. साधारण असं:

"नमस्कार, मी अमुक. छापखाना जुना, मालक नवा. आमच्याकडे एकरंगी ऑफसेट आहे, 19 बाय 26 इंचांपर्यंतचा कागद चालतो. बिलबुकं, पावतीपुस्तकं ही रोजची कामं. नंबरिंग, परफोरेशन, बाइंडिंग आमच्याकडेच होतं. चाररंगी आणि लॅमिनेशन मात्र बाहेर देतो, त्यासाठी जोडीदार शोधतोय. तुमची नंबरिंगची कामं अडत असतील तर माझ्याकडे पाठवा."

'बाहेर देतो' हे वाक्य लाजून गाळू नका. चाररंगीवाला नंतर तुमच्याकडे येईल तो त्याच वाक्यामुळे. आकडे अर्थातच तुमच्या मशीनचे घाला, आणि शीटचा आकार व प्रत्यक्ष छपाईचा भाग यांत गल्लत करू नका. मशीन कागद जिथे पकडतं ती ग्रिपरची कड कोरी राहते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

सोबत कार्बनलेस कागदाचं एक बिलबुक ठेवा. जाणकार माणूस आधी परफोरेशनवर पान फाडून बघतो, मग मूळ प्रत आणि दुय्यम प्रत यांचे नंबर जुळतात का ते तपासतो.